व्यय गुणक

व्यय गुणक : स्वायत्त खर्चात झालेल्या वाढीमुळे राष्ट्रीय उत्पन्न त्या वाढीच्या किती पट वाढते, हे दाखवणारी संख्या. हा खर्च खाजगी गुंतवणुकीचा, निर्यातीचा किंवा शासनाचा असू शकतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः शासकीय खर्चाविषयी आहे. कल्पनेची रीतसर मांडणी रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात केली. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात तिला उत्पन्नाच्या सिद्धांतात मध्यवर्ती स्थान दिले.

प्रक्रिया : शासनाने कालव्याच्या कामावर १०० कोटी रुपये खर्च केले आणि ते सर्व देशातील मजूर, कंत्राटदार व सिमेंट-खडी पुरवणारे यांचे उत्पन्न झाले, असे धरू. या मंडळींनी उत्पन्नापैकी १५ कोटी कर भरला, १७ कोटी शिल्लक टाकले आणि ६८ कोटींची खरेदी केली. त्या खरेदीत ८ कोटींचा माल परदेशी होता. म्हणजे देशातील दुकानदार, शेतकरी व कारखानदार यांच्या हाती ६० कोटी आले. त्यांनीही याच प्रमाणात व्यवहार केला, तर पुढच्या फेरीत ३६ कोटी, त्यापुढच्या फेरीत २१.६ कोटी असे उत्पन्न निर्माण होत जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या ०.६ पट असल्याने बेरीज अमर्याद वाढत नाही. गुणक १ ÷ (१ − ०.६) = २.५ येतो आणि एकूण उत्पन्न २५० कोटींनी वाढते. पहिल्या चार फेऱ्यांतच त्यातील सुमारे २१८ कोटी पूर्ण होतात.

गळती : प्रत्येक फेरीत देशांतर्गत खर्चाच्या प्रवाहाबाहेर जाणाऱ्या रकमेस गळती म्हणतात. वरील उदाहरणात २५० कोटींवर कर ३७.५, बचत ४२.५ आणि आयात २० कोटी होते. तिन्हींची बेरीज बरोबर १०० कोटी, म्हणजे मूळ खर्चाइतकी भरते. गळती मूळ खर्चाइतकी झाली की प्रक्रिया थांबते. विद्यार्थ्याने आपले गणित तपासायची खात्रीची रीत हीच. शासनाने खर्चलेल्या १०० कोटींपैकी ३७.५ कोटी कररूपाने तिजोरीत परत येतात, हेही यातून दिसते. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ एवढीच लक्षात घेऊन गुणक ५ काढण्याची चूक परीक्षेत वारंवार आढळते. त्यात कर आणि आयात या दोन्ही गळत्या सुटतात.

पहिली फेरी निर्णायक असते. कालव्यासाठी ३० कोटींची यंत्रे बाहेरून आणली, तर देशात ७० कोटीच उतरतात आणि वाढ १७५ कोटींवर येते. तेच १०० कोटी अनुदान म्हणून वाटले, तर वाटलेली रक्कम स्वतः कोणत्याही उत्पादनाचे मोल नसते. तिच्यातून ६० कोटींचा देशी माल घेतला गेला असे धरल्यास वाढ १५० कोटी होते.

कर गुणक : अनुदानाप्रमाणे करकपातीची रक्कमही स्वतः उत्पादनाचे मोल नसते, म्हणून तिचा परिणाम तेवढ्याच खर्चवाढीपेक्षा कमी मानला जातो.

मर्यादा : वरील गणित गृहीत धरते की मागणी वाढताच उत्पादन वाढते. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये नेमक्या याच गृहीतावर बोट ठेवले. भारतासारख्या देशात वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग धान्यावर खर्च होतो आणि धान्याचा पुरवठा चटकन वाढत नाही. परिणामी पैशातील उत्पन्न वाढते, पण वास्तव उत्पन्नाऐवजी किमती चढतात. हा आक्षेप आजही गंभीरपणे घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील १९७२-७३ च्या दुष्काळात हा प्रश्न उघडपणे दिसला. १९७३ च्या उन्हाळ्यात शासकीय दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. त्यांची मजुरी प्रामुख्याने धान्यावर जाई आणि धान्य तर राज्यात फारच कमी पिकले होते. राज्यांमधील खाजगी धान्यव्यापारावर निर्बंध असूनही या मागणीने बाहेरचे धान्य आत ओढले, असे ज्याँ द्रेझ यांचे विवेचन आहे. राज्याच्या हिशेबात ही खरेदी गळती ठरते. देशाच्या हिशेबात तीच रक्कम अन्य राज्यांतील शेतकऱ्यांचे उत्पन्न असते. गुणक कोणत्या सीमेच्या आत मोजला, हे सांगितल्याशिवाय त्याचा आकडा देऊ नये.

अनुमाने : प्रत्यक्ष मूल्याबाबत मतभेद आहेत. सुकन्या बोस व एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ मध्ये भारतासाठी भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आणि हस्तांतरणाचा ०.९८ काढला.