काडीमोड ते कलम १३-ब : चांदा जिल्ह्यातून दिसणारा घटस्फोटाचा इतिहास

आज आपण घटस्फोटाच्या कायद्याचा इतिहास पाहणार आहोत. मुंबई-पुण्यातून तो नेहमीच पाहिला जातो. आपण तो जुन्या चांदा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीतून पाहू. तिथून पाहिलं की क्रम जरा उलटा दिसतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. घटस्फोटाला आपल्याकडे ‘काडीमोड’ म्हणतात. हा नुसता अलंकार नाही. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि संबंध संपला असं मानायचं, ही अनेक जातींतली खरीखुरी रीत होती. ‘फारकत’ आणि ‘सोडचिठ्ठी’ हेही त्याच व्यवहारातले शब्द. काडी मोडल्यावर बाईला पाट लावता येई. गोंडांमध्ये नवऱ्याकडून मुलीच्या घरी देज जाई. त्यामुळे बाई दुसऱ्याकडे गेली तर पहिल्या नवऱ्याचा खर्च भरून द्यायचा, एवढा हिशोब पंच करत. दोष कुणाचा याची चर्चा होई, दंडही बसे. पण नातं मोडलेलंच आहे ही गोष्ट पंच मान्य करून टाकत आणि मग देण्याघेण्याकडे वळत.

या रीतीला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. पंच पुरुषच असत, आणि देज परत करायची ऐपत नसलेल्या बापाची मुलगी सासरीच अडकून पडे. तरीही ‘मोडलं आहे म्हणून मोडा’ हा विचार या मुलखाला नवा नव्हता, एवढं लक्षात ठेवू.

आता सरकारी कायद्याकडे येऊ. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. चांदा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, म्हणून तो कायदा इथे लागू नव्हता. इथे पोचला तो थेट १९५५चा हिंदू विवाह कायदा. त्यात घटस्फोट होता, पण दोषावर आधारलेला. एकाने दुसऱ्याचा अपराध सिद्ध करायचा, तरच सुटका. दोघांचीही इच्छा असली तरी तेवढ्यावर सुटका नव्हती. गंमत म्हणजे, आदल्याच वर्षी झालेल्या विशेष विवाह कायद्यात परस्पर संमतीची सोय होती. ती नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या थोड्या लोकांपुरतीच राहिली.

दोष सिद्ध करायचा म्हणजे काय होतं, हे पुण्याच्या दास्ताने खटल्यात दिसतं. लग्न १९५६चं, दोघांचा सहवास संपला १९६१ साली. त्यानंतर नवरा न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने क्रूरतेच्या कारणावरून न्यायिक विभक्तता दिली, अपिलात ती गेली, उच्च न्यायालयातही यश आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९७५मध्ये. न्यायालय म्हणालं, क्रूरता सिद्ध झाली आहे. पण त्यानंतरही पती-पत्नी म्हणून संबंध चालू राहिले, म्हणजे नवऱ्याने ती माफ केली. सबब काही मिळणार नाही. दोघं वेगळे होऊन १४ वर्षं झाली होती. कायद्याला तो प्रश्न विचारताच येत नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, कायद्यात कलम १३-ब आलं. आपला मुद्दा इथे स्पष्ट होतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, मूल तालुक्यातलं एक जोडपं आहे. वर्षभर वेगळं राहतंय, एकत्र राहणं जमत नाही, लग्न संपवायचं यावर दोघांचं एकमत आहे. दोघं मिळून अर्ज करतात. सहा महिने थांबतात. मग अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन सांगतात, आमचं ठरलेलं कायम आहे. न्यायालय खातरजमा करून हुकूमनामा देतं. कुणी कुणावर चिखल उडवायचा नाही. आधीच दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलं यांचं सगळं ठरलं असेल, तर ते सहा महिनेही माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं.

पण समजा, मधल्या काळात नवऱ्याने संमती काढून घेतली. तसं करता येतं, हे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मग अर्ज तिथेच पडतो. बाईला परत कलम १३कडे जाऊन क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करावा लागतो. साक्षी, उलटतपासणी, तारखा. ‘तो सोडतही नाही, नांदवतही नाही’ ही तक्रार वकिलांना पाठ असते, ती याच फटीतून येते. पैशाच्या वाटाघाटीत संमतीच हत्यार होते.

ही फट बुजवायला विधी आयोगाने १९७८ साली ७१व्या अहवालात सुचवलं की, लग्न सुधारण्यापलीकडे मोडलं असेल तर तेच घटस्फोटाचं कारण माना. २०१०चं विधेयक राज्यसभेत २०१३ साली मंजूरही झालं, पण कायदा झालाच नाही. विरोधामागे एक रास्त भीती होती. बायकोला हाकलून देणारा नवरा काही वर्षांनी येऊन म्हणेल, लग्न मोडलंच आहे, आता सोडवा. आणि तिच्या हाती ना घर, ना जमीन. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की, अनुच्छेद १४२खाली आपण स्वतः अशा कारणावर घटस्फोट देऊ शकतो. मात्र हा अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा. सिरोंचाहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर. दिल्लीची गोष्ट वेगळी सांगायला नको.

आता सुरुवातीच्या काडीकडे परत जाऊ, कारण ती कायद्याने मोडीत काढलेली नाही. कलम २९ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवला. आणि कलम २प्रमाणे, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. म्हणजे गोंड, माडिया जोडप्याने रूढीप्रमाणे लग्न केलं असेल, तर त्यांच्यासाठी १३ही नाही आणि १३-बही नाही. त्यांच्यासाठी रूढीच कायदा.

घोटाळा होतो तो इथे. रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती न्यायालयात आधी मांडावी लागते आणि मग सिद्ध करावी लागते : ती जुनी आहे, अखंड चालत आली आहे, आधी अमक्यांची फारकत अशीच झाली. मुद्रांकावर फारकतनामा लिहून नोटरीचा शिक्का मारला, की घटस्फोट झाला असं पुष्कळ जण धरून चालतात. कागद हा फार तर पुरावा. मागे रूढी नसेल तर तो घटस्फोट नव्हे. अशा कागदावर विसंबून बाईने दुसरं लग्न केलं आणि नवरा वारला, तर निवृत्तिवेतनाच्या वेळी तिला विचारलं जातं, पहिलं लग्न मोडलं कधी? पंच म्हातारे झालेले असतात किंवा गेलेले असतात. काडीची तर नोंद कुठेच नसते. म्हणून वाद उभा राहण्याआधीच, पंच हयात असताना, रूढीप्रमाणे फारकत झाल्याचं दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून घेणं शहाणपणाचं.

तर हा इतिहास असा आहे. मोडलेलं लग्न मोडलेलं मानायला पंच पूर्वीच तयार होते, पण लिहून ठेवत नव्हते. न्यायालय सगळं लिहून ठेवतं, पण एक जण अडून बसला तर अजूनही आधी अपराधी शोधतं. या दोन्हींच्या मधे ज्या बायका राहिल्या आहेत, त्यांच्या हातात एक पक्का कागद आणि पोटापुरती तरतूद कशी येईल, हा प्रश्न १९७८पासून संसदेपुढे आहे.

आता प्रश्न घेऊ.