केकची दर-आकारणी (घरगुती)

ऑर्डरप्रमाणे घरी केक करून विकणाऱ्या व्यक्तीने वजन, सजावटीतील काम आणि पोचवण्याचे अंतर पाहून किंमत ठरवण्याची रीत. महाराष्ट्रातील शहरांत अशा केकचा भाव बहुधा किलोवर सांगितला जातो आणि उरलेल्या दोन्ही गोष्टी त्यातच गृहीत धरल्या जातात. तोट्याचे मूळ इथेच आहे. वजनाबरोबर वाढते ते मुख्यतः साहित्य. मैदा, कोको, चॉकलेट, क्रीम दीड किलोला एका किलोच्या साधारण दीडपट लागतात. पण ओव्हन तापवणे, स्पंज पूर्ण गार होऊ देणे, थर कापणे, क्रीमचा हात फिरवून केक फ्रिजमध्ये घट्ट करणे आणि शेवटी भांडी घासणे ही कामे अर्ध्या किलोसाठीही जवळपास तेवढीच असतात. म्हणून अर्ध्या किलोचा भाव किलोच्या निम्मा ठेवला की लहान ऑर्डरी जितक्या जास्त, तितकी मेहनत फुकट जाते. वजन म्हणजे कशाचे, हेही आधी सांगावे लागते. स्पंज, भरण आणि क्रीम धरावे. बोर्ड आणि वरची फॉन्डंटची चित्रे धरू नयेत, नाहीतर ग्राहक साखरेचा हत्ती केकच्या भावाने विकत घेतो.

सजावटीचा संबंध वजनाशी नसून वेळेशी आहे, हे एका काल्पनिक ऑर्डरीवरून दिसते. कोथरूडमधून हडपसरला, सुमारे पंधरा किलोमीटरवर, दीड किलोचा चॉकलेट केक द्यायचा आहे. वर फॉन्डंटचा बसलेला हत्ती, बाळाचे नाव आणि चांदण्या. साहित्य ५०० रुपये, बोर्ड आणि खोका ८०, वीज ४०, केक उभा करण्याचे दोन तास ताशी १५० प्रमाणे ३००. हा झाला ९२० रुपयांचा साधा केक. हत्तीला दीड तास आणि नाव-चांदण्यांना एक, असे अडीच तास. हे काम कसबी म्हणून ताशी २०० धरले तर ५००, शिवाय फॉन्डंट आणि रंग १००. बेरीज १,५२०. बिघाड आणि नफ्यासाठी १५ टक्के, म्हणजे २२८ घातले की १,७४८. रिक्षाचे एका बाजूचे २७० धरले, तर जाऊन-येऊन ५४० होतात आणि एकूण २,२८८. हाच केक ९०० रुपये किलोने दिला असता तर १,३५० आले असते. त्यातून साहित्य, खोका, वीज, फॉन्डंटचे ७२० आणि रिक्षाचे ५४० वजा केले की साडेचार तासांच्या कामाचे ९० रुपये उरतात. प्रवासातला वेळ तर यात धरलेलाच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की सगळीकडे किलोचा भाव सांगतात, वेगवेगळे आकडे ऐकून गिऱ्हाईक बिचकते. पण हिशेब वेगळा मांडणे आणि तो ग्राहकापुढे वाचून दाखवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या केकचा किलोचा भाव जाहीर ठेवावा आणि फोटो पाठवून ‘अस्साच हवा’ म्हणणाऱ्याला एकच पूर्ण रक्कम सांगावी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तासांवर पैसे घेतले तर नवशिक्याच्या संथपणाचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. तो खराही आहे. म्हणून प्रत्यक्ष लागलेले तास न धरता सरावलेल्या हाताला लागणारा वेळ धरावा आणि सजावटीच्या तीन-चार पायऱ्या ठरवून प्रत्येकीची रक्कम पक्की करावी. नुसते नाव आणि क्रीमची फुले ही पहिली, घडवलेली चित्रे ही वरची. ‘घरचेच काम, त्याची कसली मजुरी’ हा तिसरा आक्षेप केक विकत घेणाऱ्यापेक्षा घरातलीच माणसे अधिक घेतात; दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींना तो कुणी लावत नाही.

अंतराचे पैसे परतीसह धरायचे, कारण रिकामी रिक्षाही फुकट येत नाही. ‘डिलिव्हरी मोफत’ म्हटले की तो खर्च किलोच्या भावात शिरतो आणि गल्लीतला ग्राहक हडपसरच्या ग्राहकाचे भाडे भरतो. दोन-तीन किलोमीटरपर्यंत ठरावीक रक्कम आणि पुढे प्रत्यक्ष भाडे ही पद्धत त्यातल्या त्यात न्याय्य. तरी नुसते किलोमीटर पुरत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी क्रीमचा केक तासाभरात कडेने मऊ पडून ओघळू लागतो. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटवर दव धरते, ते चकचकीत आणि चिकट होते, गडद रंग पसरतात. दुमजली केक आतल्या आधाराच्या काड्यांवर उभा असतो, त्यामुळे दुचाकी बाद होऊन चारचाकीचे भाडे धरावे लागते. फार दूरसाठी मजले सुटे नेऊन तिथे रचतात आणि त्या वेळेचे पैसे सजावटीत धरतात. ग्राहक स्वतः येऊन नेणार असेल तर भाडे पूर्ण वजा करावे, मात्र खोका हाती देण्याआधी केकचा फोटो काढून ठेवावा आणि वाटेतल्या धक्क्याची जबाबदारी कोणाची, हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्यावे.