अपघातांची मोजणी: प्वासाँ की ऋण द्विपद?

कारखान्याच्या फाटकाशी 'अपघाताविना गेलेले दिवस' असा फलक पुष्कळदा असतो. आतल्या नोंदवहीत मात्र नावे असतात आणि काही नावे पुन्हा पुन्हा येतात. 'हा माणूसच वेंधळा' असा निष्कर्ष मग लगेच निघतो. तो बरोबर आहे का, हे केवळ आकड्यांवरून कितपत सांगता येईल?

हा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये पुढे आला. तोफगोळ्यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या. मेजर ग्रीनवुड (यातील 'मेजर' हे नावच आहे, हुद्दा नव्हे!) आणि हिल्डा वुड्स यांनी १९१९ साली त्यांच्या अपघातांचा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी त्यामागचे गणित मांडले. त्यांच्या एका तक्त्यात ६४७ स्त्रियांचे पाच आठवड्यांतील अपघात आहेत. ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही, १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच. एकूण ३०१ अपघात, म्हणजे दरडोई सरासरी ०.४७.

आता समजा, सर्वजणींना धोका सारखाच होता आणि एका अपघाताचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. मग हे आकडे प्वासाँ वितरणाप्रमाणे यायला हवेत. त्या हिशेबाने ४०६ जणींना शून्य आणि १८९ जणींना एक अपघात अपेक्षित होता, तर तीन वा अधिक अपघात जेमतेम ८ जणींना. प्रत्यक्षात अशा २६ जणी निघाल्या. अपघात न झालेल्याही अपेक्षेहून जास्त आणि वारंवार झालेल्याही जास्त. मधल्या मात्र कमी.

हे ओळखण्याची सोपी खूण आहे. प्रत्येक संख्येचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग करावा आणि या वर्गांची सरासरी घ्यावी. तिला प्रचरण म्हणतात. प्वासाँ वितरणात प्रचरण आणि सरासरी सारखी असतात. इथे प्रचरण ०.६९ येते, सरासरीच्या सुमारे दीडपट. ग्रीनवुड-यूल यांनी प्रत्येकीचा धोका वेगळा मानला, तेव्हा ऋण द्विपद वितरण मिळाले. त्याप्रमाणे शून्य अपघाताच्या सुमारे ४४३ आणि तीन वा अधिकच्या सुमारे २१ जणी येतात. निरीक्षणाशी हे बरेच जुळते.

म्हणजे 'अपघातप्रवण' माणसे असतात हे सिद्ध झाले? नाही. १९२३ साली एगेनबर्गर आणि पोल्या यांनी दाखवले की धोका सुरुवातीला सर्वांना सारखा असला, पण एका घटनेमुळे पुढच्या घटनेची शक्यता वाढत असली, तरीही हेच वितरण मिळू शकते. शिवाय धोक्यातला फरक माणसाचा नसून त्याच्या वाट्याला आलेल्या यंत्राचा किंवा रात्रपाळीचा असू शकतो. वितरण जुळले म्हणजे कारण कळले, असे नव्हे.

उलट प्रकारही आढळतो. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९५५ साली प्वासाँ वितरणाचे एक सुधारित रूप मांडले. एका गर्भधारणेनंतर काही काळ दुसरी शक्य नसते, म्हणून जन्मांच्या संख्येतली विषमता प्वासाँहून कमी पडते. तिथे ऋण द्विपद उपयोगी पडत नाही.

निवड चुकली तर काय बिघडते? बारामती एमआयडीसीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. जुन्या प्रेस विभागात ५०० कामगार-वर्षांत ९० अपघात झाले, नव्या विभागात तेवढ्याच काळात ६०. दर ०.१८ आणि ०.१२, म्हणून दर-गुणोत्तर १.५. प्वासाँ मानले तर ९५ टक्के विश्वास-अंतराळ १.०८ ते २.०८ येतो. त्यात १ नाही, म्हणजे फरक खरा वाटतो. पण कामगारवार आकड्यांचे प्रचरण दोन्ही विभागांत सरासरीच्या दुप्पट असेल, तर हाच अंतराळ ०.९५ ते २.३८ इतका रुंदावतो. गुणोत्तर तेच राहते. त्यावरचा भरवसा मात्र कमी होतो.

शब्दांत सांगतानाही जपावे लागते. १.५ म्हणजे 'निम्म्या कामगारांना अपघात' नव्हे आणि '१५० टक्के वाढ'ही नव्हे. एकाच कामगाराचे तीन अपघात यात तीन मोजले जातात, म्हणून 'अपघात झालेल्यांची संख्या दीडपट' असेही म्हणता येत नाही. अहवालात असे लिहावे: 'तेवढ्याच कामाच्या काळात जुन्या विभागात नव्याच्या दीडपट, म्हणजे ५० टक्के अधिक, अपघात नोंदले गेले (५०० कामगार-वर्षांत ९०, विरुद्ध ५०० मध्ये ६०). प्रचरण सरासरीच्या दुप्पट असल्याने ऋण द्विपद वापरले. विश्वास-अंतराळ ०.९५ ते २.३८, यावरून खरा दर किंचित कमी असण्यापासून दुपटीहून अधिक असण्यापर्यंत काहीही संभवते.'