चॅट लॉक

चॅट लॉक : व्हॉट्सॲपमधील निवडक संभाषण मुख्य यादीतून काढून बोटाच्या ठशामागे किंवा चेहऱ्याच्या ओळखीमागे ठेवण्याची सोय.

ही सोय मे २०२३ मध्ये जाहीर झाली. संभाषणाच्या माहितीपानावरून ती चालू केली की ते वेगळ्या कप्प्यात जाते. सूचनेत पाठवणाऱ्याचे नाव व मजकूर दिसत नाही. यादी खाली ओढल्यावर मात्र कप्पा दिसतो, म्हणजे काहीतरी लपवले आहे हे तरी कळतेच. ही उणीव नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या गुप्त संकेताने भरून निघाली. कप्पा लपवल्यावर तो शोधपट्टीत संकेत टाइप केल्यावरच उघडतो (पहा : पासवर्ड).

कुलूप फोनच्याच ओळखपद्धतीवर चालते (पहा : बायोमेट्रिक ओळख). समजा, कासारवाडीतील एका घरात फोन दोघांत आहे आणि पत्नीच्या फोनवर पतीचाही ठसा नोंदलेला आहे. अशा वेळी तिने बंद केलेले संभाषण त्याच्या बोटानेही उघडते. फोनचा पिन ठाऊक असला तरी तेच. फोनच्या पिनपेक्षा वेगळा संकेत ठेवून कप्पा लपवला, तरच हा मार्ग अडतो. संकेत विसरल्यास मात्र कप्पा परत मिळवताना त्यातील संदेश पुसावे लागतात.

कुलूप फक्त संभाषणाला असते. त्या व्यक्तीचे कॉल नेहमीसारखेच येतात. समोरच्याच्या फोनमधील प्रतही उघडीच राहते (पहा : एंड-टू-एंड एन्क्रिप्शन).