दहा मिनिटांच्या गोष्टीचे कुळ

यूट्यूबवरील दहा मिनिटांच्या चित्रफितीची आज एक ठरीव बांधणी झाली आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला अडकवणारा प्रश्न, ज्याला निर्माते ‘हुक’ म्हणतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढणारा ताण. मग त्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे फळ. आणि शेवटी दुसरी चित्रफीत उघडण्याचे कारण, असे तिचे चार अवयव आहेत. ही बांधणी संगणकयुगाची निर्मिती आहे असा समज सर्रास आढळत असला तरी तिचे चार अवयव तीन वेगवेगळ्या काळांत जन्मले असून, त्यांपैकी प्रत्येकामागे कलाविचारापेक्षा एखादी व्यावहारिक अडचणच अधिक होती.

ताण आणि फळ हे अवयव मूकपटांच्या एकरिळी काळातले. ३५ मिलिमीटर फिल्मचे एक रीळ सुमारे १,००० फुटांचे असे आणि एका फुटात १६ चौकटी बसत. त्यामुळे सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीने ते सोळा-सतरा मिनिटे चाले आणि प्रक्षेपकाचा वेग वाढवला की दहा-बारा मिनिटांत संपे. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत एक रीळ हेच चित्रपटविक्रीचे नेहमीचे माप झाले होते. गोष्ट लहान असो वा मोठी, तिला त्या रिळात मावावे लागे, आणि या सक्तीतूनच वेळ ताणण्याचे व आवळण्याचे तंत्र विकसित झाले.

बायोग्राफ कंपनीसाठी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी दिग्दर्शित केलेला आणि जून १९०९ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द लोनली व्हिला’ हा एकरिळी चित्रपट या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. दरोडेखोर खोटा निरोप पाठवून घरधन्याला एकाकी घरातून दूर काढतात. पत्नी आणि तीन मुली मागे राहतात. वाटेत त्याची मोटार बंद पडते, म्हणून तो घरी दूरध्वनी करतो आणि तेव्हाच त्याला संकट कळते. बोलणे चालू असतानाच तार तोडली जाते, आणि मिळेल त्या वाहनाने तो घराकडे धावतो. ग्रिफिथ यांनी दाराआड कोंडलेले कुटुंब, दार फोडणारे दरोडेखोर आणि वाटेवरचा पती अशी तीन ठिकाणे आलटून पालटून दाखवली. या पद्धतीला समांतर संकलन म्हणतात. घरातील स्त्रिया एकेका खोलीत मागे सरकत जातात, प्रत्येक दार फुटले की त्यांच्या हाती उरलेली जागा कमी होते, आणि म्हणूनच येथे ताण वाढतो तो घटनांची संख्या वाढल्यामुळे नव्हे, तर सुटकेचे पर्याय घटत गेल्यामुळे.

या कथेचे मूळ आंद्रे द लोर्द यांच्या १९०१ मधील फ्रेंच नाटकात आहे, परंतु त्या नाटकात पती दूरध्वनीवरून कुटुंबाची हत्या नुसती ऐकतो आणि काहीही करू शकत नाही. पडद्यावर मात्र तो वेळेवर पोहोचतो. नाटकातला शेवट अधिक भेदक आहे यात शंका नाही. तरीही रिळाच्या अखेरीस प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळण्याची सवय प्रेक्षकाला लागली ती अशाच चित्रपटांतून.

दुसरा भाग पाहण्याचे कारण हा अवयव चित्रपटगृहापेक्षा छापखान्याचे अधिक देणे लागतो. १९१२ मध्ये एडिसन कंपनीची ‘व्हॉट हॅपन्ड टु मेरी’ ही मालिका एका स्त्री-मासिकातील क्रमशः कथेच्या जोडीने आली, आणि १९१३ च्या अखेरीस सेलिग कंपनीने ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या सहकार्याने ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ सुरू केली. वाचक पुढचा अंक घेईल आणि प्रेक्षक पुढचे तिकीट काढेल, असा हा दुहेरी व्यवहार होता. त्यात दोन रीती दिसतात. मेरीच्या भागांत प्रत्येक वेळी त्या भागापुरती गोष्ट पूर्ण होई आणि नायिकेविषयीचा मोठा प्रश्न तेवढा शिल्लक राही. कॅथलिनमध्ये मात्र संकट ऐन भरात आले असतानाच भाग तोडला जाई. पहिल्या रीतीत फळ मिळते आणि नवी भूक उरते, तर दुसरीत फळच रोखून धरले जाते.

हुक हा अवयव सर्वांत उशिरा बळावला, कारण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक पहिल्या मिनिटात उठून जात नसे. दूरचित्रवाणीवर वाहिनी बदलणे सोपे झाल्यावर अमेरिकी मालिकांनी नामावलीच्या आधीच एक पेचाचा प्रसंग दाखवण्याची पद्धत रुजवली, आणि यूट्यूबवर तर निघून जाण्यास बोटाचा एक स्पर्श पुरेसा असतो.

दहा मिनिटे हे माप तेथे आले ते मात्र कथेच्या गरजेतून नव्हे. मार्च २००६ मध्ये यूट्यूबने बहुतेक खात्यांवर दहा मिनिटांची मर्यादा घातली, कारण त्याहून लांब चित्रफितींत परवानगीविना चढवलेल्या मालिका आणि चित्रपटच मोठ्या प्रमाणात होते. २०१० मध्ये ही मर्यादा आधी पंधरा मिनिटांवर गेली आणि पुढे सैलावत गेली; पण २०१२ मध्ये शिफारशींचा निकष किती जणांनी चित्रफीत उघडली याऐवजी ती किती वेळ पाहिली गेली असा झाला, आणि मधल्या जाहिराती दहा मिनिटांहून लांब चित्रफितींनाच मिळत असल्याने जे माप पूर्वी छत होते तेच आता उंबरठा झाले.

या बांधणीची पारख प्रेक्षक-टिकाव दाखवणाऱ्या आलेखावर होते. कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले हे तो सांगतो. गाळाने भरलेल्या गावविहिरीला पुन्हा पाणी लागेल का, या विषयावरची चित्रफीत उदाहरणादाखल घेता येईल. आरंभी कोरडा तळ आणि हाती असलेले चार दिवस दाखवले, पण निकाल लपवला, तर प्रश्न उभा राहतो. शीर्षकात विहीर आणि सुरुवातीला गावाचा इतिहास असेल, तर पहिल्या तीस सेकंदांतच रेषा कोसळते. मधल्या भागात गाळ उपसल्यावर खडक लागावा, खडकामुळे यारी आणावी लागावी, आणि यारीच्या भाड्यात उरलेले पैसे संपावेत, अशी एक अडचण दुसरीला जन्म देत गेली तर रेषा जवळजवळ आडवी राहते. नुसता उपसा दाखवत राहिल्यास प्रेक्षक पुढे सरकवून थेट पाण्याच्या दृश्यावर जातात, तेव्हा आलेखात आधी खड्डा आणि मग टोक दिसते. नवव्या मिनिटाच्या आसपास झरा फुटला की फळ मिळाले. त्यानंतर निरोपाचे आणि आभाराचे शब्द सुरू होताच रेषा कड्यावरून पडावी तशी खाली येते. म्हणून शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत, जेथे पुढील चित्रफितीची चौकट लावता येते, तेथे पाणी लागल्यामुळेच निर्माण झालेला प्रश्न यावा लागतो: हे पाणी पिण्याजोगे आहे का?

येथे कॅथलिनची रीत लागू पडत नाही. वृत्तपत्राचा वाचक भाग क्रमाने घेत असे, पण शिफारशीतून आलेला प्रेक्षक कोणताही भाग प्रथम पाहू शकतो, आणि फळावाचून परत गेलेला असा प्रेक्षक पुढचा भाग शोधत बसत नाही. त्यामुळे शंभर वर्षांनंतर टिकली ती मेरीची रीत.

जुलै २०२० मध्ये मधल्या जाहिरातींची अट आठ मिनिटांवर आली. रीळ गेले, मर्यादा गेली आणि उंबरठाही खाली आला, त्यामुळे आता कोणताही नियम दहा मिनिटे मागत नाही. तरीही सहा मिनिटांची गोष्ट दहापर्यंत ओढणारे निर्माते अस्तित्वात नसलेल्या अटीची किंमत आपल्या प्रेक्षकांकडून वसूल करत आहेत.