तक्ता-उतारा (स्कॅन केलेल्या मराठी कागदांचा)

स्कॅन केलेल्या कागदावरचा मजकूर आणि तक्ते अक्षरओळख प्रणालीने (ओसीआर) वाचून शोधसूचीत घालण्याजोगे करण्याचे काम. सलग मजकुरात एखादे अक्षर चुकले तर वाचक ते संदर्भाने सावरून घेतो. तक्त्यात आकडे एका ओळीने सरकले तर प्रत्येक आकडा बरोबर वाचलेला असूनही प्रत्येक विधान खोटे होते, आणि आकड्याकडे पाहून ते कळत नाही. म्हणून या नोंदीत अक्षरांच्या अचूकतेपेक्षा ओळ अखंड राहण्याला अधिक जागा दिली आहे. उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या तालुकावार लोकसंख्येचे असून त्यातली गुहागरची ओळ धरून पुढचे विवेचन केले आहे.

कागद. जिल्ह्याची तालुकावार आकडेवारी मराठीत मिळण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, म्हणजे अशा तक्त्यात नऊ ओळी आणि एक बेरजेची ओळ अपेक्षित असते. कोणत्या वर्षाच्या तक्त्यात किती ओळी हव्यात हे वाचन सुरू करण्याआधी ठरवावे लागते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या रत्नागिरीच्या तक्त्यांत मालवण, कुडाळ, सावंतवाडी यांच्याही ओळी येतात. त्याहून जुन्या, १८८० च्या मुंबई गॅझेटिअरच्या काळात गुहागर हा चिपळूणखालचा पेटा होता. पेट्याचा आकडा मुख्य तालुक्यात धरला आहे की वेगळा दाखवला आहे, हे तळटीप वाचून ठरवल्याशिवाय बेरीज तपासू नये.

आधी मजकूर-थर पाहणे. पीडीएफ फाइलमधला मजकूर निवडता येतो म्हणून तो उचलावा, असे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे सरकारी मराठी मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांत जुळवला जात होता. अशा फाइलीतला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण उचलला की रोमन चिन्हांची खिचडी हाती येते. ओळखण्याची सोपी रीत अशी: उचललेल्या मजकुरातली किती अक्षरे `U+0900` ते `U+097F` या देवनागरी पट्ट्यात पडतात ते मोजावे. मराठी पानावर हे प्रमाण अगदीच कमी आले, तर मजकूर-थर बाजूला ठेवून पानाचे चित्र करावे आणि ते वाचावे.

चित्र आणि शिरोरेघ. छापील मजकुरासाठी दर इंचाला ३०० ठिपके हे रूढ प्रमाण आहे. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीसाठी `mar` ही भाषाखूण आहे.

```
pdftoppm -r 300 -gray -png talika.pdf pan
tesseract pan-1.png pan-1 -l mar --psm 6 tsv
```

`--psm 6` म्हणजे सगळे पान एकच ठोकळा धरून आडव्या ओळीने वाचणे. हा पर्याय दिला नाही तर प्रणाली रकान्यांना वर्तमानपत्राचे स्तंभ समजू शकते. मग आधी सगळी तालुक्यांची नावे आणि नंतर सगळे आकडे असा उतारा येतो.

देवनागरीची खरी अडचण तक्त्याच्या आखणीत आहे. उभी रेघ दंड म्हणून (।) वाचली जाते. आडवी रेघ खालच्या शब्दाच्या शिरोरेघेला टेकली तर अक्षरे ओळखूच येत नाहीत. म्हणून वाचनाआधी आखणी पुसतात. पुसण्याचे तंत्र असे, की ठरावीक लांबीपेक्षा मोठी सलग आडवी रेघ सापडली की ती काढायची. इंग्रजी कागदांसाठी लिहिलेल्या सूचनांत ही लांबी बहुधा आखूड असते, आणि मराठीत घोटाळा तिथेच होतो. ‘संगमेश्वर’ या शब्दाची शिरोरेघ हीसुद्धा सलग आडवी रेघच आहे. दहा पॉइंटाच्या छपाईत तो शब्द दोन सेंटिमीटर भरला, तर ३०० च्या प्रमाणात त्याची शिरोरेघ सुमारे २३६ ठिपक्यांची होते. तक्त्याची पूर्ण रेघ सोळा सेंटिमीटरची असेल तर सुमारे १,८९० ठिपक्यांची. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे ६०० च्या आसपास मर्यादा ठेवली की आखणी जाते आणि शिरोरेघ राहते. मर्यादा शंभरावर ठेवली तर लांब नावांच्या शिरोरेघा पुसल्या जातात, ‘आरे’सारखी आखूड नावे तेवढी शाबूत राहतात. उताऱ्यात लांब नावेच बिघडलेली दिसली की कारण बहुधा हेच असते.

कल. पान स्कॅनरवर किंचित तिरके ठेवले गेले तर ओळी मोडतात. सोळा सेंटिमीटर रुंदीवर एक अंशाचा कल उजव्या कडेला सुमारे ३३ ठिपक्यांचा फरक पाडतो. चौदा पॉइंटांच्या ओळ-अंतरात दोन ओळींमध्ये सुमारे ५८ ठिपके असतात. म्हणजे एका अंशाला उजवीकडचा आकडा अर्ध्याहून अधिक ओळ सरकतो आणि दोन अंशांना तो पूर्णपणे शेजारच्या ओळीत जातो. जाड पुस्तकात शिवणीकडचा भाग वाकतो. तिथे कल पानभर सारखा नसतो, म्हणून पान फिरवून तो पुरता निघत नाही. असे पान पुन्हा स्कॅन करणे हाच उपाय. त्यावर संगणकाने केलेली डागडुजी विश्वासार्ह नसते.

ताळा. २०११ च्या जनगणनेचे तालुकावार आकडे असे:

| तालुका | लोकसंख्या |
|---|---|
| मंडणगड | ६२,१२३ |
| दापोली | १,७८,३४० |
| खेड | १,८१,६१५ |
| चिपळूण | २,७९,१२२ |
| गुहागर | १,२३,२०९ |
| संगमेश्वर | १,९८,३४३ |
| रत्नागिरी | ३,१९,४४९ |
| लांजा | १,०६,९८६ |
| राजापूर | १,६५,८८२ |
| एकूण | १६,१५,०६९ |

पहिला ताळा उभ्या बेरजेचा. नऊ आकड्यांची बेरीज छापील एकुणाशी तंतोतंत जुळते. अक्षरओळखीत १ आणि ९ यांची गल्लत होते. समजा गुहागरचा आकडा ९,२३,२०९ असा वाचला गेला. बेरीज २४,१५,०६९ येते आणि फरक नेमका ८,००,००० निघतो. फरकात आठ आणि पुढे शून्ये दिसली की एखाद्या रकमेत त्या स्थानी १ चा ९ झाला आहे किंवा उलट, हे लगेच कळते आणि कोणत्या स्थानाचा अंक पाहायचा तेही कळते.

याच्याशी जोडलेली एक न दिसणारी चूक आहे. भाषाखूण `mar+eng` ठेवली तर देवनागरी १ हा आकाराच्या साम्यामुळे कधी रोमन `9` म्हणून उतरतो. पायथॉनमधले `int()` देवनागरी आणि रोमन अंक मिसळलेली संख्याही विनातक्रार स्वीकारते, म्हणून आज्ञावली अडत नाही. एकाच घरात दोन लिपींचे अंक आले तर ते घर संशयित धरावे, ही तपासणी स्वतंत्रपणे लिहावी लागते.

दुसरा ताळा आडव्या ओळीचा, म्हणजे पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण. जिल्ह्याच्या ओळीत ७,६१,१२१ आणि ८,५३,९४८ मिळून १६,१५,०६९ होतात. एखादाच रकाना सरकला असेल तर तो इथे पकडला जातो.

हे दोन्ही ताळे पुरेसे समजले जातात, आणि या नोंदीचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. सरकारी तक्त्यांत शीर्षकाखाली रकान्यांच्या क्रमांकांची एक ओळ असते: १, २, ३, ४. समजा रकाने वेगवेगळे वाचून नंतर शेजारी ठेवले. नावांच्या रकान्यातला ‘१’ गाळला गेला, पण आकड्यांच्या रकान्यांतले क्रमांक राहिले. आता मंडणगडसमोर ‘२’ येतो, दापोलीसमोर मंडणगडची लोकसंख्या, आणि गुहागरसमोर चिपळूणचे २,७९,१२२. आकड्यांच्या रकान्यात सगळे अंक बरोबर आहेत आणि त्यांचा क्रमही बरोबर आहे. क्रमांक वगळून केलेली उभी बेरीज जुळते. पुरुष, स्त्रिया आणि एकूण हे तिन्ही रकाने एकत्रच सरकल्यामुळे आडवी बेरीजही जुळते. कोणताही ताळा नावाला हात लावत नाही, म्हणून चूक निसटते. गुहागर तालुक्याची लोकसंख्या दुपटीहून जास्त नोंदली जाते.

नाव आकड्याला बांधणारा पुरावा कागदावरच्या जागेचा आहे. टेसरॅक्टच्या `tsv` उताऱ्यात प्रत्येक शब्दाचे `left`, `top`, `width`, `height` येते. ‘गुहागर’ शब्दाच्या मध्याची उंची आणि त्याच्या आकड्याच्या मध्याची उंची यांतला फरक ओळ-अंतराच्या निम्म्याहून, म्हणजे वरच्या उदाहरणात २९ ठिपक्यांहून कमी असला पाहिजे. वरच्या सरकलेल्या तक्त्यात तो ५८ च्या आसपास येतो. दुसरा पुरावा बाहेरचा: निदान दोन ओळींचे आकडे दुसऱ्या प्रकाशनातून घेऊन पडताळावेत, एक वरच्या भागातली आणि एक खालच्या. उताऱ्यातला `conf` हा विश्वासांक यासाठी निरुपयोगी आहे. तो अंकाचा आकार किती ओळखला ते सांगतो, जागेबद्दल काहीच सांगत नाही.

दुमडलेली घरे. गाववार तक्त्यांत नाव अरुंद रकान्यात न मावून दोन ओळींत जाते. गुहागर तालुक्यात साखरी आगर, साखरी बुद्रुक, साखरी त्रिशूळ अशी गावे आहेत. नाव दुमडले की ‘साखरी’ ही एक ओळ आणि ‘त्रिशूळ’ ही दुसरी असा उतारा होतो. आकडा छपाईप्रमाणे त्यांपैकी एकीलाच मिळतो. गावांच्या अधिकृत यादीशी जवळचे नाव जुळवण्याची युक्ती ‘गृहागर’चे ‘गुहागर’ करायला उत्तम आहे, पण नुसत्या ‘साखरी’ला ती तीनपैकी कोणतेही गाव चिकटवील. आधी अनुक्रमांकाच्या रकान्यावरून ओळी मोजाव्यात. अनुक्रमांक नसलेली ओळ वरच्या ओळीचा उरलेला भाग समजून जोडावी, आणि नावे त्यानंतर दुरुस्त करावीत.

मतदार यादी. गुहागर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक २६४. मतदार यादीच्या पानावर तीन चौकटी शेजारी-शेजारी असतात, म्हणून `--psm 6` इथे तीन माणसांची नावे एका ओळीत मिसळते. चौकटी कापून एकेक वाचावी लागते.

सातबारा. क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे त्रिखंडी असते. मधल्या टिंबांना दशांशचिन्ह समजू नये.

मोडी व हस्तलिखित. वरील रीत लागू नाही.

सूचीत घालणे. तपासलेली प्रत्येक ओळ स्वतंत्र नोंद म्हणून साठवतात आणि तिच्यासोबत रकान्याचे शीर्षक, वर्ष, पान व पानावरची जागा ठेवतात. तक्ता पुढच्या पानावर गेला असेल तर शीर्षक पुन्हा जोडावे लागते. ठरावीक शब्दसंख्येवर मजकूर तोडणारी पद्धत तक्त्याला लावू नये, कारण तोड ओळीच्या मध्ये पडते आणि आतापर्यंत जपलेली जोडी इथे तुटते. आकडा १२३२०९ असा स्वल्पविरामाविना, देवनागरी व रोमन दोन्ही अंकांत ठेवतात. ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे संकेतबद्ध होतो: `U+0931` वापरून, किंवा `र्` नंतर अदृश्य जोडखूण `U+200D` घालून. दिसायला दोन्ही सारखे असले तरी शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात, म्हणून सूचीत आणि शोधशब्दात दोन्हीकडे एकच रूप करून घ्यावे लागते. मूळ स्कॅनचे चित्र मात्र नोंदीला जोडलेले राहू द्यावे, म्हणजे गुहागरचा आकडा शोधणाऱ्याला तो ज्या ओळीतून आला ती ओळ पाहता येते.