ऑयस्टर बे येथील स्वयंपाकीण

मुदतीचा ताप, म्हणजेच विषमज्वर, ज्यास येऊन गेला तो खडखडीत बरा झाला की रोग गेला, अशी आपली साधी समजूत असते. रोगी बरा झाला हे खरे. परंतु रोग त्याच्या शरीरातून गेलाच असे मात्र नव्हे. हा भेद ज्या प्रकरणाने जगापुढे आला, त्याचीच हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सन १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे या गावी एका पेढीवाल्या गृहस्थाने हवापालटासाठी घर भाड्याने घेतले. ऑगस्टअखेर त्या घरातील अकरा माणसांपैकी सहा जण विषमज्वराने आजारी पडली. गावात अन्यत्र साथ नव्हती. घराच्या मालकाने जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्यास पाचारण केले. सोपरने पाणी, दूध, शिंपल्यांतील मांस हे सारे तपासले, पण कोठेच दोष आढळेना. मग त्याने दिवस मोजले. या रोगाचे जंतू पोटात गेल्यावर ताप येण्यास बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. तेवढे मागे गेल्यावर घरातील एकच बदल दिसला : ४ ऑगस्टला नवी स्वयंपाकीण आली होती, आणि साथ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती काम सोडून गेली होती.

तिचे नाव मेरी मॅलन. सोपरने तिच्या पूर्वीच्या नोकऱ्यांचा माग काढला. आठ कुटुंबांपैकी सात कुटुंबांत विषमज्वर झाला होता; एकंदर बावीस रोगी आणि एक मृत्यू. आता कोणी विचारील, शिजलेल्या अन्नात जंतू जगतील कसे? ते जगत नाहीत. पण मेरी ताज्या पीच फळांचे तुकडे घालून आइसक्रीम करीत असे. त्या फळांस हात लागे, आच लागत नसे. हाच मार्ग असावा, असे सोपरने अनुमान केले.

मार्च १९०७ मध्ये पोलिसांच्या मदतीने तिला पकडण्यात आले आणि पुढे नॉर्थ ब्रदर बेटावरील रुग्णालयात ठेवण्यात आले. ती धडधाकट होती. आपणांस हा रोग कधी झालाच नाही, असे ती निक्षून सांगे. एका खाजगी प्रयोगशाळेचा 'जंतू नाहीत' असा निर्वाळाही तिने मिळविला. सरकारी तपासणीत मात्र मलाच्या १६३ नमुन्यांपैकी १२० नमुन्यांत जंतू सापडले. यांत खोटे कोण? बहुधा कोणीच नाही, कारण वाहकाच्या मलातून जंतू रोज पडत नाहीत. म्हणूनच एका निर्दोष नमुन्यावरून कोणास मोकळे ठरविता येत नाही; लागोपाठ अनेक नमुने पाहावे लागतात.

हे जंतू येतात कोठून? तापात ते रक्तावाटे यकृतात आणि तेथून पित्ताबरोबर पित्ताशयात उतरतात. पित्तात पुष्कळ जंतू मरतात, हा जंतू तग धरतो. तेथे पित्तखडे असतील तर त्याचे फावतेच. खड्यावर तो चिकट थर करून राहतो, आणि त्या थराखाली औषध व शरीराचे संरक्षण दोन्ही लुळी पडतात. जेवणानंतर पित्त आतड्यात उतरते, त्याबरोबर जंतूही. विषमज्वर झालेल्या शंभरांतील दोन ते पाच जणांची अशी स्थिती वर्षानुवर्षे राहते; त्यांत स्त्रिया अधिक.

मेरीस पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, तिने नाकारला. तिचे भय अगदीच अनाठायी नव्हते. त्या काळी ती शस्त्रक्रिया जिवावरची होती, आणि यकृतातील पित्तनलिकांत जंतू उरले तर ती व्यर्थही जाते. आज चार आठवडे योग्य प्रतिजैविक दिल्यास पुष्कळ वाहक मुक्त होतात. खडे असल्यास किंवा जंतू औषधाला दाद देत नसल्यास मात्र अडचण उरते.

स्वयंपाक न करण्याच्या वचनावर १९१० साली तिची सुटका झाली. परंतु जिचे पोट चुलीवर चालत होते, तिला तितक्या मिळकतीचे दुसरे काम कोणी लावून दिले नाही. १९१५ साली ती नाव बदलून स्लोन प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना आढळली. तेथे पंचवीस जणांस ताप आला होता, दोघे दगावले होते. ती पुन्हा बेटावर गेली आणि १९३८ साली तेथेच वारली.

वचन मोडून तिने इतरांचे प्राण धोक्यात घातले, हे झाकून चालणार नाही. पण त्याच शहरात पुढे सापडलेले शेकडो वाहक मोकळे राहिले. अन्नाशी संबंध न येणारे काम आणि नियमित तपासणी एवढ्यावर भागले. १९१० साली मेरीस नुसते वचन मागण्याऐवजी तसे काम दिले असते, तर १९१५ ची साथ कदाचित टळली असती, असे आम्हांस वाटते.